रमजानचे रोजे: पाण्याचा हिशेब रात्री लावायचा

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. रोजे २ मार्चला सुरू झाले होते. तिसऱ्या रोजाच्या दुपारी माझा भाचा कारखान्यातून लवकर घरी आला आणि ओसरीवरच आडवा झाला. तो सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो. वय चोवीस, अंगाने काटक. "खाला, डोकं फुटायला लागलंय आणि पिंडऱ्यात गोळे येतायत," म्हणाला. "पाणी प्यालास का सेहरीला?" विचारलं तर जोरात मान हलवली, "दीड बाटली!" दीड लिटर पाणी त्याने पहाटेच्या खाण्याची, म्हणजे सेहरीची, वेळ संपायच्या आधीच्या दहा मिनिटांत प्यालं होतं. सकाळी आठपर्यंत तीनदा लघवीला गेला, त्यात ते बरंचसं निघून गेलं. दुपारपर्यंत अंग कोरडं ठणठणीत.

पस्तीस वर्षं रोजे धरतेय, घरातल्या सहा-सात माणसांची सेहरी-इफ्तारी करतेय. त्यावरून सांगते, रोजा अवघड होतो तो भुकेने क्वचितच. दोन-चार दिवसांत पोट शिकतं. अवघड करतं ते पाणी. दिवसा प्यायचं नाही हे ठरलेलंच आहे, म्हणून प्रश्न इतकाच उरतो की रात्रीच्या साडेदहा तासांत पाणी कधी, किती आणि कशाबरोबर घ्यायचं. भाच्याचं वेळापत्रक आम्ही दुसऱ्या दिवसापासून नव्याने बसवलं. ते कसं, हे पुढे सांगते. त्याआधी दोन तयारीच्या गोष्टी.

चहा आणि गोळ्या: पंधरा दिवस आधी

भाच्याची डोकेदुखी नुसती पाण्याची नव्हती. मागावर तो दिवसाला सात-आठ कटिंग चहा घेतो आणि पहिल्या रोजाला दिवसाच्या चहात एकदम शून्यावर आला. शेवटच्या चहानंतर बारा ते चोवीस तासांनी या सवयीचं डोकं दुखायला लागतं, पुढचा एक-दोन दिवस जोर धरतं आणि आठवडाभरात जातं. हा पहिल्या आठवड्याचा त्रास टाळायचा असेल तर रमजानच्या दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत जायचं. आधी दुपारचे कप काढायचे. शेवटी एक कप उरला की तो संध्याकाळी सातनंतर न्यायचा. मग रमजानमध्ये तोच कप इफ्तारनंतर चालू राहतो आणि डोक्याला धक्का बसत नाही.

दोन डोकेदुख्या ओळखायच्या कशा? चहाचं डोकं इफ्तारनंतर एक कप पोटात गेला की अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. पाण्याच्या कमतरतेचं डोकं वाकल्यावर, उठल्यावर ठणकतं, चहाने हलत नाही, आणि त्या रात्री दहा वाजताही लघवी गडद पिवळीच होते. भाच्याची दोन्ही होती.

दुसरी तयारी गोळ्यांची. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, फिट येते, किंवा दिवसातून तीन वेळा औषध आहे, त्यांनी चाँद दिसायच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचं की रोजे धरू का, आणि धरले तर कुठली गोळी कधी. आमच्या घरात हे माझ्या जेठांमुळे, नवऱ्याच्या थोरल्या भावामुळे, शिकायला मिळालं. त्यांचं पुढे येईलच. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर या लेखातले ग्लास तुमच्यासाठी नाहीत.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलायची सवलत आहे. आजारी आणि प्रवासी यांची सवलत तर कुरआनातच सांगितलेली आहे, रमजान संपल्यावर इतर दिवशी संख्या पुरी करायची. आजार कायमचा असेल तर फिदया, म्हणजे दर रोजामागे एका गरिबाला जेवण. आमच्याकडे म्हातारी माणसं ही सवलत घ्यायला लाजतात, आणि नंतर घरच्यांची धावपळ होते.

वेळ आपल्या गावाची धरा

दुकानदार आणि मशिदी सेहरी-इफ्तारचा तक्ता छापून वाटतात. तो आपल्याच गावाचा आहे ना, हे पाहायला हवं. सोलापूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, म्हणून इथे पहाट आणि सूर्यास्त दोन्ही मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटं आधी होतात, पुण्यापेक्षा आठ मिनिटं. मुंबईच्या नातेवाइकाने मोबाइलवर पाठवलेल्या तक्त्यावर सोलापुरात सेहरी केली तर पहाट झाल्यावरही तुम्ही खातच असाल. नागपूरकरांचा फरक तर मुंबईपासून पंचवीस मिनिटांचा.

दुसरी चूक अशी की सेहरीची वेळ सूर्योदयापर्यंत असते असं काहींना वाटतं, विशेषतः सोबत म्हणून पहिल्यांदा रोजा धरणाऱ्या मित्रमंडळींना. ती पहाट फुटेपर्यंतच असते, सूर्योदयाच्या साधारण तासाभराहून थोडी जास्त आधी. त्या मार्चमध्ये सोलापुरात पहिल्या रोजाला सेहरी साडेपाचच्या आसपास संपत होती आणि इफ्तार साडेसहाच्या जरा पुढे. महिन्याच्या शेवटी सेहरी पाच वाजून दहा मिनिटांवर आली, इफ्तार पाच-सहा मिनिटंच पुढे सरकला. म्हणजे रोजा तेरा तासांपासून साडेतेरापर्यंत वाढला आणि उठायची वेळ वीस मिनिटांनी आधी आली. गजर पहिल्या दिवशी लावून विसरून गेलात तर तिसऱ्या आठवड्यात उठाल तेव्हा घास तोंडात आणि सायरन कानात.

चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तितका मागे सरकतो. २०१८ ला तो मे-जूनमध्ये होता. सोलापूरच्या त्या उन्हात दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आता तो थंडीकडे चाललाय, २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होईल. थंडीत रोजा लहान होतो, पण तहान लागत नाही म्हणून रात्री पाणी प्यायचं राहून जातं, आणि बद्धकोष्ठ, जळजळणारी लघवी या तक्रारी थंडीतल्या रोजांतही येतातच.

इफ्तार: पहिली वीस मिनिटं

आता भाच्याचं वेळापत्रक. त्याचा पहिल्या तीन दिवसांचा इफ्तार असा होता: दोन मोठे ग्लास गुलाबाचं सरबत बर्फ घालून घटाघटा, मग कांदाभजी, समोसे, पुन्हा भजी. पोट गच्च. वर चहा. मग रात्री दहापर्यंत पाण्याचा थेंब नाही, कारण जागाच नाही. तरावीहच्या रात्रीच्या नमाजहून आल्यावर बिर्याणी, आणि बारा वाजता झोप.

सगळी गाडी इथूनच घसरते. तेरा तास रिकाम्या पोटात एकदम गोड आणि तेलकट पडलं की तेल पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. पोट तासन्‌तास भरलेलं राहतं आणि पाणी प्यायची इच्छाच होत नाही. भज्यांतलं मीठ मात्र तहान मागे ठेवतं, ती लागते रात्री दोनला.

आम्ही केलं ते असं. मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला तीन खजूर आणि एक ग्लास साधं पाणी, माठातलं, घोट घोट करून. आपल्याकडच्या साध्या खजुराच्या एका दाण्यात साधारण चहाच्या चमचाभर साखर असते, म्हणजे तिनांत घसरलेली साखर सावरायला पुरेसं मिळतं, आणि तंतू असल्यामुळे सरबतासारखी ती एकदम चढत नाही. एवढं खाऊन उठायचं आणि नमाज पढून यायचं. या दहा-पंधरा मिनिटांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. तेवढ्यात साखर रक्तात पोचते, हाताचा थरथराट जातो आणि परत दस्तरखानावर बसाल तेव्हा भुकेचा तो आंधळा जोर उतरलेला असतो. नमाजआधीच ताट संपवणाऱ्याला आपण किती खाल्लं ते कळतच नाही.

नमाजनंतर आधी पातळ काहीतरी. आमच्याकडे मुगाची किंवा मसुरीची डाळ पाणीदार करून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन वाटीत प्यायला देते, किंवा एक ग्लास ताक, त्यात चिमूटभर मीठ आणि भाजलेलं जिरं. नुसत्या पाण्यापेक्षा ताक, डाळ, दूध यांतून मिळालेलं पाणी शरीरात जास्त वेळ टिकतं, कारण त्यात मीठ आणि प्रथिनं असतात आणि ते पोटातून हळूहळू पुढे सरकतं. सोबत फळं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, काकडीत त्याहून जास्त. एक वाडगाभर कलिंगड म्हणजे जवळजवळ एक ग्लास पाणीच.

भजी बंद करा असं मी म्हणत नाही. आमच्या घरात बंड होईल. पण ती फळांनंतर येतात आणि माणशी दोन-तीनच, आणि रोज नाही. सरबत हवं तर लिंबाचं, एका ग्लासला अर्धं लिंबू, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, वर भिजवलेला सब्जा. बाटलीतल्या सरबताचा ग्लास आमच्या मुलांच्या हाताने बनला तर त्यात पाच-सहा चमचे साखर सहज जाते.

जेवण साडेसातच्या सुमारास. भाकरी किंवा भात, एक भाजी, डाळ किंवा सालन. बिर्याणी शुक्रवारी. बाकी काही विशेष सांगण्यासारखं नाही, नेहमीचं जेवण नेहमीपेक्षा थोडं कमी.

रात्रीचे ग्लास

इथे खरी मेख आहे. शरीर पाण्याची टाकी नाही की पहाटे भरून ठेवली आणि दिवसभर तोटी उघडून वापरली. एकदम लिटरभर पाणी पोटात गेलं की रक्त थोडं पातळ होतं आणि मूत्रपिंडं तासाभरात जादा पाणी बाहेर टाकायला लागतात. म्हणून भाच्याचं दीड लिटर सकाळी आठच्या आतच नाल्यात. तेच पाणी रात्रभर वाटून, निम्मं तरी अन्नाबरोबर घेतलं तर टिकतं.

अडीचशे मिलीचा आमचा स्टीलचा ग्लास धरून हिशेब असा बसला. अजानला एक. नमाजनंतर ताकाचा एक. आठला, मशिदीत निघण्याआधी, एक. तरावीहला जाताना छोटी बाटली घेऊन जायची. तरावीहच्या वीस रकातींत दर चार रकातींनंतर थोडा विसावा असतो, त्यात दोन-तीन घोट. नमाज संपेपर्यंत एक ग्लास आपोआप जातो आणि उभं राहिल्यावर येणारा अंधारीचा झटकाही टळतो. परत आल्यावर, दहाच्या सुमारास, एक. झोपताना अर्धाच, नाहीतर रात्रीत दोनदा उठावं लागेल आणि मग माणूस सेहरीला उठायचा कंटाळा करतो. पहाटे उठल्या उठल्या एक, आणि सेहरी संपायच्या दहा मिनिटं आधी शेवटचा एक. साडेसात ग्लास झाले, जवळजवळ दोन लिटर. डाळ, फळं, दही यांतून आणखी अर्धा लिटर. घरात किंवा कचेरीत बसून काम करणाऱ्या साधारण माणसाला मार्चमध्ये एवढं पुरतं.

मागावर पुरत नाही. खोलीत मोटारींची उष्णता, दमट हवा, घामाने बनियन पिळून काढावं असं. भाच्याला आम्ही दोन ग्लास वाढवले, एक जेवणाबरोबर आणि एक नऊच्या आसपास बाटलीतच. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि पिंडऱ्यांत गोळे येण्यामागे तेही असतं असं मला वाटतं. म्हणून ज्या दिवशी फार घाम गाळला, त्या दिवशी ताकाऐवजी क्षार-साखरेचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. त्यातला अर्धा लिटर इफ्तार ते झोप या वेळात. मीठ अंदाजाने टाकायचं नाही. जास्त झालं तर ते पाणी उलट तहान वाढवतं, आणि चव अश्रूंपेक्षा खारट लागली की ओतून द्यायचं. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी हे रोज पिऊ नये.

पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं? दुपारी लघवी गडद पिवळी आणि थोडीच होणार. त्यावरून घाबरू नका, शरीर पाणी राखतंय इतकाच त्याचा अर्थ. पाहायचं ते रात्री दहाला आणि सेहरीला उठल्यावर. तेव्हा ती फिक्या पिवळ्या रंगाची हवी. त्या वेळीही गडद असेल तर ग्लास कमी पडतायत. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर विश्वास ठेवू नका, ती सगळंच पिवळंधमक करते.

दुसरी परीक्षा वजनकाट्याची. सेहरीला उठून, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी काट्यावर उभं राहायचं. भाचा पहिल्या दिवशी ६२ किलो होता, चौथ्या पहाटे ६०.६. तीन दिवसांत दीड किलो चरबी कुणाची जात नाही. ते बहुतेक पाणी. नवीन वेळापत्रकावर तीन दिवसांत तो ६१.४ वर आला आणि महिनाभर तिथेच राहिला. डोकेदुखी आठवड्याच्या शेवटी गेली. गोळे त्याआधीच थांबले होते.

सेहरी

सेहरीत बरकत आहे, असं घरोघरी सांगतात. तरी तरुण मुलं ती टाळतात, रात्री बाराला खाऊन झोपतात आणि सरळ पहाटेच्या फजरच्या नमाजला उठतात. मग साडेतेरा तासांचा रोजा त्यांच्यासाठी साडेअठरा तासांचा होतो, आणि पाणीही तितकाच वेळ नाही. सेहरी शक्य तितकी उशिरा करायची. साडेचारला उठून एक ग्लास पाणी, मग पंधरा मिनिटं बाकीचं आवरून पावणेपाचला ताट. लगेच घास जात नाही, हे पाण्याने आणि त्या पंधरा मिनिटांनी सुटतं.

ताटात काय? सोलापूरच्या माणसाला उत्तर शोधायला लांब जायला नको. ज्वारीची भाकरी. मैद्याच्या पावापेक्षा, पांढऱ्या भातापेक्षा ती हळू पचते, साखर हळू चढते आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. माणशी दीड-दोन भाकऱ्या, दोन अंडी किंवा वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही, एखादी काकडी आणि एक केळं. ज्याला पहाटे भाकरी जात नाही त्याला दलियाची खीर किंवा दूध घालून शिजवलेली लापशी, गूळ कमी. भाच्याला अंडी आणि दही वाढवल्यावर बाराची भूक तीनवर गेली, असं त्याचंच म्हणणं.

आता एक कठीण गोष्ट सांगते. शेंगदाण्याची चटणी सेहरीला नको. लिहितानाही जीव तुटतो, पण ती, लोणचं, पापड, खारवलेलं काहीही, रात्रीची मसालेदार निहारी, ही सगळी सकाळी दहालाच घसा कोरडा करतात. चटणी रात्रीच्या जेवणात खा, तेव्हा पाण्याला वेळ असतो. सेहरीला भाजीत नेहमीच्या निम्मं मीठ.

सेहरीच्या चहाबद्दल लोक म्हणतात की त्याने पाणी निघून जातं. रोज चहा पिणाऱ्याला हे फारसं लागू नाही, शरीर त्या सवयीला सरावलेलं असतं. त्रास वेगळा आहे. शेवटच्या दहा मिनिटांत चहा उकळत बसलं तर पाण्याचा शेवटचा ग्लास राहून जातो, आणि आंबटपित्त असलेल्याला तो चहा दिवसभर छळतो. अर्धा कप प्यायचाच असेल तर जेवणाबरोबर.

खाऊन लगेच आडवं होऊ नका. पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळभर आंबट ढेकर येतात. फजरची नमाज, थोडं चालणं, मग हवं तर झोप, उशी उंच घेऊन.

दिवस, आणि थांबायचं कधी

दिवसा फार काही करायचं नसतं, पाणी वाचवायचं असतं. जड काम सकाळी. भाच्याने मालकाशी बोलून पाळी पहाटेची घेतली, सहा ते दोन. ज्यांना पाळी बदलता येत नाही त्यांनी निदान दुपारी पंधरा-वीस मिनिटं सावलीत पडायचं, मान आणि मनगटं ओल्या फडक्याने पुसायची. दुपारच्या जोहरच्या नमाजआधीच्या वजूने तोंड-हात गार होतात, हा काही छोटा आधार नाही. व्यायाम करायचा तर इफ्तारच्या आधी अर्धा तास हलकं चालणं, म्हणजे घाम आला तरी पाणी समोर. जोराचा व्यायाम जेवणानंतर दीड-दोन तासांनी.

आणि जेठांची गोष्ट. त्यांना मधुमेह, सकाळी एक गोळी घ्यायचे, साखर उतरवणारी. एका रमजानमध्ये ती त्यांनी न विचारता सेहरीला घेतली. दुपारी चारला घामाने भिजले, हात थरथरले, आणि मला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारायला लागले. त्यांच्या लेकाने साखर मोजली तर ५८. त्यांनी रोजा सोडायला नकार दिला, तरी आम्ही ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. पुढच्या वर्षी ते महिनाभर आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती गोळी इफ्तारवर नेली आणि प्रमाण बदललं. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, इन्सुलिन घेणाऱ्यांचं तर फारच, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी पाहून आपली गोळी हलवू नका.

मधुमेह असताना डॉक्टरांनी रोज्याला होकार दिला असेल तर घरी मोजायचं यंत्र हवंच. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमा सांगतात. दिवसभरात चार वेळा पाहायची: सेहरीनंतर दोन तासांनी, दुपारी बाराला, चारच्या सुमारास आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा कधीही. चारची चाचणी कधीच चुकवायची नाही, साखर घसरते ती बहुधा इफ्तारच्या आधीच्या दोन-तीन तासांत. ७० च्या खाली आली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारला दहाच मिनिटं उरली असली तरी.

निरोगी माणसानेही थांबायच्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात. भोवळ येऊन पडणं, बोलणं असंबद्ध होणं, दोनपेक्षा जास्त उलट्या, जुलाब, छातीत धडधड न थांबणं, आणि उन्हात काम करताना अंग तापून कातडी कोरडी पडणं. या शेवटच्या खुणेत माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि सरळ दवाखान्यात न्या. भोवळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. लघवीला आग, पाठीत एका बाजूने कळ आणि लालसर लघवी असेल तर तो मुतखडा असू शकतो, आणि ज्याला आधी खडा होऊन गेलाय त्याने वरच्या ग्लासांत निदान दोन वाढवावेत.

ईदच्या सकाळी

त्या वर्षी एकोणतीस रोजे झाले, ३१ मार्चला ईद. महिनाभर पहाटे आणि संध्याकाळी चालणाऱ्या पोटाला आम्ही ईदच्या सकाळी सातला शीरखुर्मा देतो, मग शेजारी, मग मामाकडे, मग आत्याकडे, प्रत्येक घरी भरलेली वाटी. दुपारी कुणाचं पोट दुखतं, कुणाला जुलाब. त्यावर मी एवढंच करते की शीरखुर्म्याआधी प्रत्येकाला एक ग्लास पाणी पाजते आणि दोन केळी खायला लावते, म्हणजे पहिली वाटी रिकाम्या पोटात पडत नाही. बाहेर गेल्यावर वाटी अर्धीच मागायची. दिवसा पाणी प्यायची सवयही परत लावावी लागते. भाचा ईदनंतर दोन दिवस दुपारभर पाणी विसरला होता आणि तिसऱ्या दिवशी, रोजा नसताना, पुन्हा तेच डोकं धरून ओसरीवर बसला होता.